वेधशाळेला पत्र लिहितेस ना, मग हे ऐक

मुक्ता, तुझा मसुदा वाचला. भाषा छान आहे, नम्रता तर ओसंडून वाहतेय, पण असं पत्र वेधशाळेत गेलं तर तिथला माणूस ते बाजूला ठेवेल. रागानं नव्हे गं, त्याला कळणारच नाही की तुला नेमकं काय काढून द्यायचं. "मुंबईच्या हवामानाची मागील काळातील संपूर्ण माहिती मिळावी, ही नम्र विनंती." आता हे वाक्य त्याच्या खुर्चीत बसून वाच. मुंबई म्हणजे कुठली? कुलाब्याची वेधशाळा की सांताक्रूझची? हवामान म्हणजे पाऊस, तापमान, वारा की हवेचा दाब? आणि मागील काळ म्हणजे किती मागचा? कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची आहे, तेव्हा हा काळ बराच लांबू शकतो. वाण्याच्या दुकानात जाऊन नुसतं "सामान द्या" म्हणण्यासारखं झालं हे.

खरं म्हणजे फोनवर तू मला जे सांगितलंस ते कितीतरी नेमकं होतं. एकाच दिवशी कुलाब्यात आणि सांताक्रूझला पडणारा पाऊस किती वेगळा असतो, हे तुला बघायचंय. मग ते पत्रात कुठे गेलं? पत्रात आलाय हवामानबदल, पृथ्वीचं भवितव्य आणि तुमच्या कॉलेजची उज्ज्वल परंपरा. ते तिन्ही परिच्छेद काढून टाक. तुझा प्रश्न लहान आहे, आणि लहान आहे म्हणूनच त्याचं उत्तर मिळू शकतं.

हा प्रश्न चांगला का आहे तेही सांगते, कारण तुझे गाईड विचारतीलच. २६ जुलै २००५. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस, पण घरात प्रत्येकाकडून ऐकलं असशील, कोण कुठे अडकलं, कोण रात्रभर चालत आलं. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुलाब्याला सुमारे ७३. दोन वेधशाळांमधलं सरळ अंतर पंचवीसेक किलोमीटरचं. कुलाब्याच्या माणसाला तो पावसाळ्यातला एक जोराचा दिवस होता, बस. आता तुझा प्रश्न असा की हा दिवस अगदी एकटाच होता, की कमी प्रमाणात का होईना, असा फरक नेहमी पडतो? एक ठिकाण कोरडं आणि दुसरं धो धो, असे दिवस तीस वर्षांत किती? हे मोजता येतं. मोजायला दोन्ही ठिकाणची रोजची नोंद लागते, बाकी काही नाही.

इथे सर एक गोष्ट नक्की म्हणतील, आणि तुझ्याकडे उत्तर तयार हवं. म्हणतील, "अगं, हवामान खात्याचा पाऊस तर साइटवरून फुकट उतरवून घेता येतो, पत्र कशाला?" बरोबर आहे त्यांचं. १९०१ पासूनचा रोजचा पाऊस, सगळ्या देशाचा, पुण्याच्या संकेतस्थळावर ठेवलेला आहे. पण तो ग्रिडचा पाऊस आहे. देशावर पाव अंशाची जाळी टाकायची, म्हणजे प्रत्येक चौकोन साधारण २७ किलोमीटरचा, आणि आजूबाजूच्या पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून प्रत्येक बिंदूसाठी एक आकडा गणितानं काढायचा. जवळपास सात हजार केंद्रांच्या नोंदी त्यात वापरल्या आहेत, मेहनतीचं काम आहे ते. मराठवाड्याचा पाऊस किंवा कृष्णेच्या खोऱ्याचा पाऊस बघायचा असेल तर मी तुला तेच वापर म्हणाले असते आणि पत्राचा खटाटोप वाचवला असता.

तुझ्या प्रश्नाला मात्र ते चालत नाही. कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्यातलं अंतरच मुळी एका चौकोनाएवढं. आणि आकडा काढताना जवळपासच्या केंद्रांचा मेळ घातला जातो, म्हणजे एकीकडचे ९४४ आणि दुसरीकडचे ७३ एकमेकांकडे ओढले जातात. तुला जो फरक मोजायचाय तोच या पद्धतीत बोथट होतो. म्हणून तुला केंद्राची मूळ नोंद हवी, आणि ती मागावी लागते. हे कारण पत्रात एका ओळीत लिही. ती ओळ वाचली की समोरच्याला समजतं, या मुलीनं आधी फुकटचं बघितलंय आणि ते का पुरत नाही हेही तिला ठाऊक आहे.

आता काय काय लिहायचं ते बघू. केंद्राचं नाव लिहितेस तसा त्याचा क्रमांकही लिही. प्रत्येक वेधशाळेला आंतरराष्ट्रीय क्रमांक असतो. कुलाब्याचा ४३०५७, सांताक्रूझचा ४३००३. नोंदी त्या क्रमांकाखाली साठवलेल्या असतात, नावाखाली नाही. नावाचे तर किती अवतार, बॉम्बे, मुंबई, सांताक्रूझ, विमानतळ! क्रमांक एकच. आणि शक्यतो स्वयंचलित केंद्रांच्या फंदात पडू नकोस. ती अलीकडच्या काळातली आहेत, तीस वर्षांची सलग नोंद त्यांच्याकडे असणार नाही. तुला जुनी, माणसानं वाचून लिहिलेली नोंद हवीय.

काळ १९९१ ते २०२० घे. हवामानाच्या सरासरीसाठी सध्या जगभर हीच तीस वर्षं धरतात, त्यामुळे "हीच का?" असं कुणी विचारणार नाही, आणि २००५ त्यात आपोआप येतं. महिने जून ते सप्टेंबर. वर्षभराचं मागू नकोस. मुंबईत फेब्रुवारीतले शून्य मोजून तुला काय कळणार आहे?

आणि हे नीट ऐक, कारण अर्धे प्रोजेक्ट इथेच घसरतात. नोंद १ जून ते ३० सप्टेंबर अशी न मागता १ जून ते १ ऑक्टोबर अशी माग. का, ते सांगते.

आपल्याकडे पावसाचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. ग्रिनिचचे पहाटेचे तीन म्हणजे आपले साडेआठ. जगभरच्या वेधशाळा ठरलेल्या वेळी एकदमच निरीक्षणं घेतात, त्यातली ही एक वेळ. साडेआठला निरीक्षक पर्जन्यमापकात साठलेलं पाणी मोजपात्रात ओततो, आकडा वाचतो आणि त्या सकाळच्या तारखेपुढे लिहितो. म्हणजे २७ तारखेपुढे लिहिलेला पाऊस हा २६ च्या सकाळी साडेआठपासून २७ च्या सकाळी साडेआठपर्यंतचा. ज्याला अख्खा महाराष्ट्र "सव्वीस जुलै" म्हणतो, ते ९४४ मिलिमीटर नोंदीत २७ जुलै २००५ या तारखेपुढे आहेत. तू २६ च्या ओळीत शोधशील तर काही सापडणार नाही आणि वाटेल, फाइलच चुकीची आली.

तसंच १ जूनपुढे जे लिहिलंय त्यातला बराचसा काळ ३१ मेचा असतो, आणि ३० सप्टेंबरच्या दिवसभरात पडलेला पाऊस १ ऑक्टोबरपुढे जातो. म्हणून ती एक जादा तारीख. दर वर्षी १२२ ऐवजी १२३ आकडे, एवढाच फरक. तीस वर्षांचे ३,६९०, दोन केंद्रांचे मिळून ७,३८०. हा हिशेबही पत्रात लिही. मागणी केवढी आहे ते समोरच्याला लगेच दिसतं. आणि ती छोटी आहे गं, एका फाइलमध्ये मावणारी.

तू विचारशील, मग सगळ्या तारखा एक दिवस मागे सरकवून टाकू का? नको. दोन केंद्रांची तुलना करायला सरकवण्याची गरजच नाही, कारण दोन्हीकडे साडेआठलाच मोजलेलं असतं. अडचण येते तुझ्या दुसऱ्या भागात, जिथे तू जुन्या वर्तमानपत्रांतून पाणी तुंबल्याच्या बातम्या काढून त्यांच्याशी हे जुळवणार आहेस. दुपारी चारला पडलेला पाऊस नोंदीत उद्याच्या तारखेला जातो आणि बातमीही उद्याच्याच अंकात छापून येते, म्हणून सगळं छान जुळल्यासारखं वाटतं. पण पहाटे पाचला पडलेला पाऊस नोंदीत आजच्या तारखेला आणि बातमी उद्याच्या अंकात. तिथे एक दिवसाची तफावत. म्हणजे सरसकट एकच नियम लावून चालणार नाही. तू तक्त्यात तारखेचे दोन रकाने कर, एक "पासून", एक "पर्यंत", आणि बातमीतली वेळ त्यात बसते का ते बघ. बातमीत वेळच नसेल तर तो दिवस संशयित म्हणून बाजूला ठेव. रोजच्या नोंदीतून पाऊस किती वाजता पडला हे कधीच कळत नाही, ती तिची मर्यादा आहे. त्याला स्वयंनोंदणी पर्जन्यमापकाची ताशी नोंद लागते. ती या पत्रात मागू नकोस. मागणी फुगेल आणि तुझ्या मूळ प्रश्नाला तिची गरज नाही.

तापमानाचंही तू लिहिलं होतंस, ते मी खोडलं. "सोबत असलेलं बरं" म्हणून काही मागायचं नसतं. कशासाठी हवं असं त्यांनी विचारलं तर काय सांगशील?

पत्र पुण्याला जाईल. हवामान खात्याचं राष्ट्रीय विदा केंद्र शिवाजीनगरला आहे, क्लायमेट रिसर्च अँड सर्व्हिसेस या कार्यालयात. सगळे त्याला नॅशनल डेटा सेंटर म्हणूनच ओळखतात. केंद्र सरकारचं कार्यालय आहे, तेव्हा अंतिम पत्र इंग्रजीत कर. पण आधी मराठीत पक्कं करू, म्हणजे काय म्हणायचंय ते तरी ठरेल. मी असं लिहिलं असतं:

"विषय : कुलाबा (४३०५७) आणि सांताक्रूझ (४३००३) या केंद्रांच्या दैनंदिन पर्जन्यनोंदी, जून ते सप्टेंबर, १९९१ ते २०२०.

महोदय, मी बी.एस्सी. तृतीय वर्षाची विद्यार्थिनी आहे. मुंबईतील दोन केंद्रांवर एकाच दिवशी नोंदल्या जाणाऱ्या पावसातील फरक हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. ग्रिड स्वरूपातील उपलब्ध माहिती मी पाहिली आहे. परंतु या दोन केंद्रांमधील अंतर ग्रिडच्या एका चौकोनाएवढेच असल्याने मला केंद्रांच्या मूळ नोंदींची आवश्यकता आहे.

पुढील माहिती मिळावी : वरील दोन केंद्रे, सकाळी ८.३० वाजता मोजलेला २४ तासांचा पाऊस, मिलिमीटरमध्ये; दर वर्षी १ जून ते १ ऑक्टोबर; १९९१ ते २०२०; एकूण सुमारे ७,३८० नोंदी. न झालेल्या नोंदी कोणत्या चिन्हाने दाखवल्या आहेत, तसेच या काळात केंद्राची जागा किंवा पर्जन्यमापक बदलला असल्यास त्याची तारीख कळवावी.

माहितीचा उपयोग केवळ या प्रकल्पासाठी केला जाईल. शुल्क असल्यास कृपया आधी कळवावे. महाविद्यालयाचे प्रमाणपत्र आणि हमीपत्र सोबत जोडले आहे."

बघ, एका पानात संपलं. विषयाच्या ओळीतच सगळं आहे. कुणी तेवढंच वाचलं तरी काम सुरू करू शकेल. केंद्राच्या जागेबद्दलची ती ओळ काढू नकोस हं, विद्यार्थी सहसा ती लिहीत नाहीत. पर्जन्यमापक शंभर पावलं सरकला, शेजारी इमारत उभी राहिली, किंवा जुन्या धातूच्या मापकाच्या जागी फायबरचा आला, तर आकड्यांत उडी दिसू शकते. ती उडी पावसाची की मापकाची, हे तारीख माहीत असेल तरच सांगता येतं.

कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र छाप, गाईडची सही, विभागप्रमुखांची किंवा प्राचार्यांची सही, गोल शिक्का आणि जावक क्रमांक. जावक क्रमांकाला मुलं हसतात, पण पुढे चौकशीला फोन केलास की "अमुक क्रमांकाचं, अमुक तारखेचं पत्र" एवढं सांगता आलं पाहिजे. मागणी नोंदवायला त्यांचं dsp.imdpune.gov.in हे पोर्टलही आहे. तिथे खातं उघडून हाच मजकूर भर आणि सही-शिक्क्याचं पत्र स्कॅन करून जोड. ईमेल पाठवताना तुझ्याकडे कॉलेजचा पत्ता नसेल तर निदान गाईडचा पत्ता सीसीमध्ये ठेव. पंधरा दिवसांत काही हालचाल दिसली नाही तर क्रमांक देऊन दोन ओळींची आठवण कर. आणि तो तुझा मित्र म्हणतोय ना, पत्रातच माहितीच्या अधिकाराचा उल्लेख करून ठेव म्हणजे घाबरून देतील? त्याला म्हण, तू तुझ्या प्रोजेक्टमध्ये कर.

हमीपत्र न वाचता सही करू नकोस. त्यात लिहिलेलं असतं की माहिती सांगितलेल्या कामासाठीच वापरीन, दुसऱ्याला देणार नाही आणि अहवालात खात्याचा ऋणनिर्देश करीन. म्हणजे फाइल आली की वर्गाच्या ग्रुपवर टाकायची नाही. कुणी कितीही गोड बोलून मागितली तरी. अहवालाच्या परिशिष्टात सगळे आकडे छापायचे नाहीत; तुझे तक्ते, आलेख आणि हवा असेल तर नमुन्याचा एखादा महिना.

आता फाइल आल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं ते. मूळ फाइलला हात लावायचा नाही, प्रत काढून तिच्यावर काम. आणि सगळ्यात आधी सांताक्रूझची २७ जुलै २००५ ही ओळ काढ. तिथे ९४४ च्या आसपास आकडा दिसला तर तारखेची पद्धत आपण समजतो तीच आहे. तो २६ पुढे दिसला तर कुणीतरी मधे तारखा सरकवल्यात, आणि मग विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्याच तारखेपुढे कुलाब्याचे ७३ बघ. हे दोन आकडे सगळ्यांना माहीत आहेत, म्हणून तपासणीला ते सोन्यासारखे.

मग तारखांचा रकाना बघ. वर्ष, महिना, दिवस वेगवेगळ्या रकान्यांत असतील तर तसेच राहू दे. एकत्र असतील तर एक्सेल खोडी काढतं. ०१/०७ म्हणजे आपल्याला १ जुलै, त्याला ७ जानेवारी वाटू शकतं. आणि १३/०७ आलं की तेरावा महिना नसल्यानं तो त्याला तारीख न मानता मजकूर मानतो आणि रकान्यात डावीकडे चिकटवून ठेवतो. पावसाळ्याच्या फाइलमध्ये जानेवारी किंवा डिसेंबर दिसला, किंवा काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या, की समजायचं, घोळ झालाय.

सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे रिकामी जागा. शून्य म्हणजे मोजलं आणि पाऊस नव्हता. रिकामं म्हणजे मोजलंच गेलं नाही, किंवा नोंद आपल्यापर्यंत पोहोचली नाही. कधी रिकाम्याच्या जागी एखादा अशक्य आकडा भरलेला असतो. ग्रिडच्या फाइलमध्ये तो उणे ९९९ असतो. बेरजेत असा एक आकडा शिरला तर बहुतेकदा महिन्याचा पाऊसच उणे होतो, म्हणून तो निदान सापडतो तरी. रिकाम्या जागेत कुणी शून्य भरलं तर ते सापडतही नाही. तू जेव्हा ६४.५ मिलिमीटर आणि वरचे दिवस मोजशील, खात्याच्या भाषेत "जोरदार पाऊस" तिथून सुरू होतो, तेव्हा COUNTIF रिकाम्या ओळी गुपचूप ओलांडून जाईल. एखाद्या जुलैत दहा दिवसांची नोंदच नसेल तर जोरदार पावसाचे दिवस कमी दिसतील आणि तू लिहिशील, पाऊस कमी झाला.

म्हणून प्रत्येक वर्षापुढे एक आकडा लिहायचा, दोन्ही केंद्रांची नोंद असलेले दिवस किती. १२३ पैकी १२०, १२३ पैकी ९७, जे असेल ते. तुलना तेवढ्याच दिवसांची. एका बाजूला नोंद आणि दुसऱ्या बाजूला रिकामं असा दिवस तुझ्या मोजणीत येतच नाही. मग त्यातून काढ, एका ठिकाणी ६४.५ किंवा जास्त आणि दुसरीकडे २.५ पेक्षा कमी, असे दिवस किती. अडीच मिलिमीटर ही "पावसाचा दिवस" मानण्याची खात्याची किमान मर्यादा, तेव्हा त्याच्या खाली म्हणजे व्यवहारात कोरडाच. हे दोन उंबरठे तू मनानं ठरवलेले नाहीत, म्हणून तोंडी परीक्षेत त्यांवर कुणी अडवणार नाही. अडवतील ते रिकाम्या दिवसांवर, आणि तो रकाना तुझ्याकडे असेल.

आज रात्री सुधारलेला मसुदा मला पाठव. विषयाची ओळ आणि दोन्ही क्रमांक मी पुन्हा एकदा वाचून देते. ४३००३ चे ४३०३० व्हायला वेळ लागत नाही, आणि मग कुठल्यातरी भलत्याच गावचा तीस वर्षांचा पाऊस तुझ्या दारात येऊन पडेल. प्राचार्यांच्या सहीला उद्या सकाळीच रांगेत लाग, पावसाळी सुट्टी लागायच्या आत.